वाट पाहायला नको

‘सध्या’ हा शब्द तिनं तिसऱ्यांदा खोडला आणि फोन उशाखाली ठेवावा तसा तपासणीच्या पलंगावरच्या टॉवेलखाली सरकवला. समोर पेन्शनीतले मास्तर गुडघ्याखाली उशी घेऊन पाय वाकवत होते.

“आणखी थोडा,” ती म्हणाली.

“थोडा म्हणून तू मला मॅरेथॉनला पाठवशील,” मास्तर कण्हत म्हणाले, पण त्यांनी वाकवला.

तिचा फिजिओथेरपीचा दवाखाना दोन खोल्यांचा. आतल्या खोलीत पलंग, चालायला शिकायच्या दोन समांतर दांड्या, खुंट्यांवर रंगीत रबरी पट्टे. बाहेर टेबलापाशी तिची नणंद बसायची. फोन घ्यायची, वेळा द्यायची, आणि मधल्या वेळात वहिनीच्या आयुष्याची व्यवस्था लावायची. घरात सगळे तिला चिमी म्हणत. चाळिशी आली तरी चिमीच. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, गेल्यानंतर पहिल्याच महिन्यात चिमी आपली नोकरी सोडून इथं येऊन बसली होती. का, हे दोघींनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

रविवारची भेट चिमीनंच ठरवली होती. तिच्या मैत्रिणीचा मावसभाऊ, पन्नाशीच्या आतला, लिफ्ट दुरुस्त करणारा. बायकोपासून वेगळा होऊन बरीच वर्षं झालेली. चिमीनं फोटो दाखवला तेव्हा ती म्हणाली होती, भेटायला काय जातंय. खरंच तेवढ्याच मनानं ती गेली होती.

आणि भेट छान झाली. अडचण तीच होती.

उंच, जरा वाकून चालणारा माणूस. कॉफीच्या दुकानात शिरताना त्यानं आधी दाराच्या बिजागरीकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे, आणि स्वतःच ओशाळून हसला. बोलायला लागला तो मात्र थांबेना. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी दाराच्या फटीतून कसं बोलायचं ते त्यानं सांगितलं. आधी नाव विचारायचं. मग खरं काय झालंय ते सांगायचं. ‘पाच मिनिटांत काढतो’ असं कधी म्हणायचं नाही, कारण सहाव्या मिनिटाला माणूस दार बडवायला लागतो. अर्धा तास लागणार असेल तर अर्धा तास सांगायचा. माणूस शिव्या घालतो, पण खाली बसतो. एकदा आतल्या बाईंनी शिव्या घालून झाल्यावर त्याच्याकडून शब्दकोडं सोडवून घेतलं होतं, दाराआडून, आडवे-उभे सगळे. ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं.

स्वतःबद्दलही तो थोडं बोलला, थट्टेच्या सुरात. मागे एकीनं दोन भेटींनंतर ‘बघू, जमलं की कळवते’ म्हटलं होतं, आणि हा शहाणा कित्येक महिने रविवार मोकळे ठेवत होता. हे सांगताना त्यानं कपाची कड बोटानं पुसली.

निघताना त्यानं विचारलं, येत्या रविवारी भेटू या का? ती म्हणाली, कळवते.

मग ती घरी आली. कुलपात किल्ली फिरवली, चप्पल काढली आणि पिशवी खुर्चीवर ठेवता ठेवता मोठ्यानं म्हणाली, “ऐक ना, आज काय मजा झाली.”

घरात कोणीच नव्हतं. चार वर्षं कोणी नव्हतं. पिशवी हातात घेऊन ती तशीच उभी राहिली, आणि तिला कळलं की सगळी दुपार ती त्या माणसाचं बोलणं गोळा करत होती, घरी नेऊन नवऱ्याला सांगायला. शब्दकोड्याच्या बाईंवर तो कुठं हसेल हेसुद्धा तिनं मनात ठरवून ठेवलं होतं.

हे तिनं कोणालाच सांगितलं नाही. चिमीला तर नाहीच.

मास्तर काठी टेकत गेल्यावर चिमी दोन कप चहा घेऊन आत आली.

“लिहिलंस का त्याला?”

“लिहितेय.”

“‘हो’ लिही. आणखी एकदा भेट. लगेच लग्नाला उभं राहायला कोण सांगतंय?”

“‘नाही’ लिहितेय, चिमे.”

चिमीनं कप ठेवला. तिची पुढची वाक्यं ठरलेली होती आणि ती तिनं म्हटलीही, पण हळू आवाजात. माणूस चांगला आहे. तुला आवडला नसता तर तू लवकर उठून आली असतीस. तू काल दिवसभर गुणगुणत होतीस. शेवटी तिनं तडजोड काढली. नाही म्हणायचंच असेल तर जरा मऊ लिही. अजून थोडा वेळ हवाय म्हण. कामाचा व्याप आहे म्हण. सरळ नाही म्हटलं तर बिचाऱ्याला लागेल.

“व्याप आहे म्हटलं तर तो महिन्यानं विचारेल, कमी झाला का,” ती म्हणाली. “वेळ हवाय म्हटलं तर तो वेळ देईल. तो देणाराच माणूस आहे.”

“मग फोन कर. मेसेजवर ‘नाही’ कळवणं बरं दिसत नाही.”

त्यावरही तिनं विचार केला होता. एकदाच भेटलेल्या माणसाला फोन करून ‘नाही’ सांगायचं म्हणजे त्याला त्याच क्षणी, ती ऐकत असताना, समजूतदारपणे वागायला लावायचं. मेसेज तो एकटा असताना वाचेल. तोंड वाकडं करायचं तर करेल. उत्तर द्यायचं की नाही, कधी द्यायचं, ते त्याच्या हातात राहील. आणि तो कामावर असताना पाठवायचा नाही. दिवसा तो लिफ्टच्या टपावर उभा असतो. तिथं वाचायची गोष्ट नाही ही.

दुपारी दोन पेशंट्सच्या मध्ये ती पुन्हा लिहायला बसली. चिमी खुर्ची ओढून शेजारी आली. तिला राहवलं नाही.

पहिलं वाक्य सोपं होतं. ‘रविवारी तुमच्याशी बोलून आनंद वाटला.’ त्यापुढे तिनं लिहिलं होतं, ‘मी बऱ्याच दिवसांनी इतकी हसले.’ ते खरं होतं. ते तिनं खोडलं.

“अगं, ते तरी राहू दे,” चिमी म्हणाली. “गोड आहे ते.”

“तेवढंच वाक्य धरून बसेल तो. हसली होती, मग ‘नाही’ का म्हणाली?”

त्याऐवजी तिनं लिहिलं, ‘शब्दकोड्याचा किस्सा लक्षात राहील.’ म्हणजे आपण नीट ऐकलं होतं, एवढं त्याला कळेल, आणि त्यातून दुसरं काही निघणार नाही. मग आलं ‘नाही’चं वाक्य. ‘मला वाटतं की आपण बहुधा’ इथं ती अडली. ‘बहुधा’ काढला. ‘आपण मित्र म्हणून’ असं चिमीनं सुचवलं. तिनं मान हलवली. मैत्री ठेवायची तर खरंच ठेवावी लागेल, चहाला बोलवावं लागेल, आणि प्रत्येक चहाला तो केस विंचरून येईल.

आणि नाही म्हणायचं कारण लिहायचं का? खरं कारण लिहिलं तर ते कारणच राहणार नाही. तो म्हणेल, मला समजतं. तो म्हणेल, मी थांबेन. एखादी बाई नवऱ्याच्या आठवणींतून बाहेर येईल म्हणून तो पुन्हा रविवार मोकळे ठेवील, आणि या वेळी थट्टेत सांगायलाही त्याला काही उरणार नाही. पण कारण नाही लिहिलं तर घरी जाऊन तो आरशात बघेल. त्याला वाटेल, आपण फार बोललो. त्या दोन्हींत कशानं त्याला कमी लागेल, याचा ती हिशेब लावत राहिली.

शेवटी असं झालं:

‘नमस्कार. रविवारी तुमच्याशी बोलून आनंद वाटला. शब्दकोड्याचा किस्सा लक्षात राहील. तुम्ही पुन्हा भेटायचं विचारलंत, त्यावर मी नीट विचार केला. आपण पुन्हा भेटू नये असं मला वाटतं. तुमच्याबरोबर पुढे जावं असं माझ्या मनात नाही, आणि ते पुढे बदलेल असंही वाटत नाही. तुमच्या बोलण्यावागण्यात काहीही खटकलं नाही. तुम्ही आहात तसेच राहा. तुम्हाला वाट पाहायला लावणं बरं नव्हे म्हणून स्पष्ट लिहिते. तुम्हाला मनासारखी सोबत मिळो.’

चिमीनं तो मेसेज दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तिचे ओठ हलत होते.

“‘ते पुढे बदलेल असंही वाटत नाही’ हे काढ.”

“तेच तर ठेवायचंय.”

“तुला काय माहीत, बदलणार नाही?”

पेशंट आला म्हणून चिमी उठून बाहेर गेली.

संध्याकाळी, तो घरी पोचला असेल असा अंदाज धरून, तिनं मेसेज पाठवला. मग पट्टे गुंडाळले, शेकायच्या मेणाचं भांडं बंद केलं, पलंगावरची चादर बदलायला घेतली. हात चालू होते आणि डोक्यात दुसरंच चाललं होतं. तो विचारेल, का? कोणीही विचारेल. त्याचा हक्कच आहे. आणि त्यानं विचारलं तर तिला खोटं बोलता येणार नव्हतं. कुलूप, किल्ली, पिशवी, ‘ऐक ना’, सगळं सांगावं लागलं असतं. वाक्यं आपोआप जुळत होती. अनोळखी माणूस होता, पुन्हा दिसणारही नव्हता. त्याला सांगता आलं असतं. तो दाराच्या फटीतून ऐकून घेणारा माणूस होता. दुपारी जे लिहिलं नाही ते सगळं तिच्याजवळ तयार होतं, फक्त विचारायचा अवकाश.

फोन वाजला. तिनं चादर अर्धी टाकून उचलला.

‘कळलं. इतकं सरळ लिहिलंत, बरं वाटलं. मलाही भेटून आनंद झाला. काळजी घ्या.’

बस्स. त्याखाली काही नव्हतं. तिनं अंगठ्यानं पडदा वर सरकवून पाहिला, पुन्हा खाली आणला. तिनं लिहिलं होतं तसंच त्यानं वाचलं होतं, कुठंही फट न शोधता. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि चादरीचा कोपरा गादीखाली खोचत राहिली, खोचलेला असतानाही.

चिमी पर्स खांद्याला लावून दारात आली. दिवे घालवायला बटणापाशी तिचा हात गेला होता.

“आलं त्याचं उत्तर?”

“आलं. भला माणूस आहे.”

“काय म्हणाला?”

“बरं म्हणाला.”

चिमीनं दिवा घालवला नाही. कानामागची बट बोटानं मागे सारून ती उभी राहिली, अगदी भावासारखी एका पायावर भार देऊन. मग तिनं विचारलं, तिच्या नेहमीच्या आवाजात नाही, अगदी लहान मुलीसारखं.

“का गं पण, वहिनी?”

तिनं वर पाहिलं. चिमीचे डोळे आधीच भरलेले होते, जणू उत्तर तिलाही कधीपासून भेडसावत होतं. तिनं पलंगावरची आवरलेली चादर थोडी बाजूला सारली आणि शेजारी जागा केली.

“बस जरा,” ती म्हणाली.