एका ओळीचा रेझ्युमे

कर्सर एका मिनिटात छप्पन्न वेळा लुकलुकतो. धाकटीने घड्याळ लावून दोनदा मोजलं होतं, दोन्ही वेळा छप्पन्न. कर्सरच्या मागे एकच ओळ होती: 'इंटर्न, बाटल्यांची झाकणं बनवणारी कंपनी, दहा आठवडे. विविध कामांत सहभाग.'

"विविध कामांत सहभाग," ताईने तिच्या खांद्यावरून वाकून मोठ्याने वाचलं. ताई एका कंपनीत नोकरभरती बघायची, त्यामुळे घरात रेझ्युमेच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा असे. "अगं, माझ्याकडे रोज असे शंभर येतात. विविध कामं म्हणजे झेरॉक्स काढल्या, असं मी धरून चालते."

"मी एकही झेरॉक्स काढली नाही."

"मग काय केलंस ते लिही ना! इंटर्नशिप संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सांगतेय, डोक्यात ताजं आहे तोवर उतरवून काढ. आज कितवा दिवस?"

"सव्विसावा," धाकटी म्हणाली. मोजण्यात ती कधी चुकत नसे. करण्यात मात्र टंगळमंगळ.

निघताना मॅडमनी, म्हणजे तिथल्या तिच्या वरिष्ठांनी, स्पष्ट सांगितलं होतं: दोन जागा निघणार आहेत, एक डिझाइनला, एक टेस्टिंगला. महिन्याच्या आत रेझ्युमे आणि पोर्टफोलिओ पाठव, पण दोन्हींकडे नको, एक काहीतरी ठरव. महिना संपायला चार दिवस उरले होते. ठरवण्याच्या बाबतीत धाकटी गेले सव्वीस दिवस 'बघू' म्हणत होती. बाबांनी मात्र कधीच ठरवून टाकलं होतं. "आमची धाकटी डिझायनर," असं त्यांनी दाढी करणाऱ्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. दातांच्या डॉक्टरला तर तोंडात कापूस असताना.

"किती बाटल्या तपासल्यास?" ताईने विचारलं.

"शंभर. की दीडशे?"

"वहीत बघ."

"वही कंपनीची. जमा केली. लॅपटॉपही त्यांचा, ईमेल तर शेवटच्या संध्याकाळीच बंद झाला."

"एकशे वीस," आई आतून म्हणाली.

दोघी वळल्या. आई हात पुसत बाहेर आली. "रोज रात्री ग्रुपवर रडगाणं लिहायचीस ना? आज एवढ्या गळल्या, आज तेवढ्या गळल्या. मी सगळं वाचायचे. नुसता अंगठा नव्हते दाखवत तुझ्या बाबांसारखी."

ताईने कपाळावर हात मारला आणि घरचा ग्रुप उघडला. खरंच, सगळं तिथे होतं. जेवलीस का, छत्री नेलीस का, यांच्या मधोमध दहा आठवड्यांची नोंदवही पसरलेली. ताई वर वर सरकवत गेली आणि एका ठिकाणी थांबली.

"पहिला आठवडा कुठंय?"

धाकटीचा चेहरा पडला. बाबा रोज सकाळी सुविचाराखाली फुलं पाठवत. तिचा फोन भरून वाहायला लागला, तेव्हा तिनेच ग्रुपला सेटिंग लावलं होतं: नव्वद दिवस झाले की निरोप आपोआप पुसला जावा. इंटर्नशिपला लागून आज शहाण्णव दिवस झाले होते.

"म्हणजे पहिले सहा दिवस गेले," ती म्हणाली. "उद्या सातवा जाईल."

"बंद कर ते सेटिंग!"

"बंद केलं तरी आधीच्या निरोपांवर परिणाम होत नाही. ते आपापल्या दिवशी जाणारच."

"माझी फुलंसुद्धा?" वर्तमानपत्रामागून बाबांनी विचारलं.

"फुलांसाठीच लावलंय, बाबा."

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. पुसून टाकायची गोष्ट त्यांच्या मनाला लागलेली दिसली, पण मदतीची संधी सोडणाऱ्यांतले ते नव्हते. आई तारीख सांगू लागली, ताई निरोप वाचू लागली आणि धाकटी कागदावर उतरवू लागली. तासाभरात चित्र उभं राहिलं. एकशे वीस बाटल्या भरून, वजन करून, चोवीस तास उलट्या ठेवल्या. पुन्हा वजन केलं. चौदा गळल्या. झाकणाच्या आत बारीक आकडा असतो, ते झाकण साच्याच्या कुठल्या घरातून निघालं ते सांगणारा. साच्याला अशी आठ घरं. गळलेल्या चौदांपैकी तेरा झाकणं सात नंबरच्या घरातली.

"हे तू शोधलंस?" ताईचा आवाज एकदम बदलला.

"आकडा कुणी बघतच नव्हतं. मी बघितला."

"आणि हे विविध कामांत सहभाग?"

"लिही," बाबा उभे राहिले. "'कंपनीची गळती कायमची थांबवली. संपूर्ण उद्योगाला नवी दिशा दिली.'"

"बाबा, हा रेझ्युमे आहे, सत्काराचं भाषण नाही. काय केलं, किती केलं, त्याने काय झालं. बास." ताईने पेन हातात घेतलं. "आता डिझाइनचं सांग. ते तर मुख्य."

"पहिल्या आठवड्यात केलं. झाकणाची स्केचेस."

"किती?"

"चार... पाच? पकड चांगली यावी म्हणून काहीतरी होतं."

"काहीतरी?"

धाकटी आठवू लागली. तो आठवडा ग्रुपवरून पुसला गेला होता, आणि तिच्या डोक्यातूनही. सात नंबरच्या झाकणाची कड मात्र तिला अजून बोटांना जाणवत होती. बाबा तिच्याकडे मोठ्या आशेने बघत होते. तिने नजर कागदावर वळवली.

"मॅडमना फोन लाव," ताई म्हणाली. "आकडे त्यांच्याकडून पक्के करून घे. शिफारशीसाठी त्यांचं नाव द्यायचं तर तेही विचार. आणि पोर्टफोलिओत काय दाखवलं तर चालेल तेही विचार, परवानगीशिवाय काही नको."

फोन लागला. आईला ऐकू यावं म्हणून ताईने तो स्पीकरवर टाकला.

"एकशे वीसला चौदा, बरोबर," मॅडम म्हणाल्या. "दुरुस्तीनंतर?"

"दोनशे चाळीसला एक."

"दोन. वाढवून सांगू नकोस."

बाबांनी नापसंतीने मान हलवली.

"आणि साचा तू दुरुस्त केलेला नाहीस."

"नाही मॅडम. दोष कुठल्या घरात आहे ते शोधलं."

"मग तेवढंच लिही, ते पुरेसं आहे. ग्राहकाचं नाव नको. फोटो आणि आमची ड्रॉइंग्ज नकोत. स्वतः साधी आकृती काढ, चाचणी कशी केलीस ते दाखव, आणि कुठे टाकायच्या आधी मला पाठव. शिफारशीला माझं नाव दे, मी बोलेन."

"थँक्यू मॅडम."

"थँक्यू राहू दे. कुठल्या जागेसाठी पाठवतेयस?"

बाबांनी हलक्या आवाजात, पण स्पीकरला सहज ऐकू जाईल असं म्हटलं, "डिझाइन."

"हे कोण बोललं?" मॅडमनी विचारलं.

"बाबा," धाकटी म्हणाली. ताईने तिच्याकडे बघितलं. आईने बाबांच्या दंडावर हात ठेवला. धाकटीने फोन हातात घेतला, तोंडाजवळ आणला, आणि बाबांकडे बघत बोलली.

"टेस्टिंग, मॅडम. मला टेस्टिंगच करायचंय. घरी हे मी आत्ता पहिल्यांदाच सांगतेय."