मास्तरांनी कापलेला टाका

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, त्यामुळे शिलाईच्या बाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. उजव्या हातावर, कोपराच्या खाली, लिंबाएवढी चरबीची गाठ होती. सोमवारी डॉक्टरांनी ती काढली, पाच टाके घातले आणि बुधवारी मास्तरांनी पट्टी बदलताना त्या टाक्यांची तपासणी केली.

त्यांना ते काम बिलकूल आवडलं नाही. टाके लांब लांब, प्रत्येकाची गाठ वेगळी, दोऱ्याची टोकं मिशांसारखी वर आलेली. हे तर कच्चे टाके, त्यांनी मनाशी ठरवलं. कडेच्या टाक्याचं टोक बाहीत अडकत होतं. दुकानातली छोटी कात्री घेतली आणि टाका कापून ओढून काढला. कापडाचा असता तर काही बिघडलं नसतं. इथे मात्र जखमेचं तोंड तांदळाच्या दाण्याएवढं उघडलं. मास्तरांनी घाबरून त्यावर पार्सलची चिकटपट्टी मारली, वर कापूस, त्यावर पट्टी, आणि बायकोजवळ अवाक्षर काढलं नाही.

गुरुवारी सकाळी दवाखान्यातल्या सिस्टरचा मेसेज आला. बायकोने तो मोठ्याने वाचला.

"जखम साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, टिपून कोरडी करा. तेल, पूड काही लावू नका. त्या हाताने वजन उचलू नका. टाके दहाव्या दिवशी आम्ही काढू. लाली दिसली तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारा. लाली रेघेबाहेर गेली, पू आला, ताप आला, दुखणं वाढलं किंवा जखमेचं तोंड उघडलं तर वाट पाहू नका, कळवा. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा, तरी थांबलं नाही तर लगेच या. सगळं ठीक असेल तर १ पाठवा, शंका असेल तर २."

"तुमचं काय?" बायकोने विचारलं.

"माझं काय असणार? एक पाठव."

तिने एक पाठवला. मास्तरांना चहा गोड लागेना. साठीचा माणूस आणि डॉक्टरांच्या शिलाईत कात्री घालून बसला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? न्हाणीघराचं दार लावून त्यांनी पट्टी सोडली. जखमेभोवती लाल झालं होतं. मेसेजात सांगितल्याप्रमाणे पेनाने रेघ मारली, चिकटपट्टी पुन्हा घट्ट बसवली आणि मशीनवर जाऊन बसले. दुपारी पाहिलं तर लाली रेघेच्या बाहेर बोटभर सरकली होती. उजवा हात गेला तर आपण कोण? कैची धरता न येणारा म्हातारा. लाज गेली खड्ड्यात. त्यांनी स्वतः फोन हातात घेतला आणि २ पाठवला.

पाचव्या मिनिटाला सिस्टरचा फोन. "मास्तर, काय झालं?"

"टाका... मी कापला."

"ताप आहे का? पू?"

"नाही."

"मग आत्ता या. कशालाही हात लावू नका."

बायकोला "सिस्टरने बघायला बोलावलंय" एवढंच सांगून ते तिच्याबरोबर निघाले. तिला बाहेरच्या बाकावर बसवून आत गेले. सिस्टरने चिकटपट्टी हळूच सोडवली आणि ओठ दाबून हसू आवरलं. "ही लाली चिकटपट्टीच्या चौकोनातच आहे, मास्तर. पार्सलच्या गोंदाने कातडी चिडलीय."

डॉक्टरांनी जखमेच्या कडा दाबून पाहिल्या, ताप मोजला, पाचही बोटं हलवायला लावली. बोटं हलली. "पू नाही, ताप नाही. वरचा एक टाका गेला, तरी खाली विरघळणाऱ्या दोऱ्याचा थर आहे. अस्तर समजा. खरा ताण त्याने धरलाय."

"अस्तर लावलंत?" मास्तरांना डॉक्टरांबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

"आणि टाके लांब असतात ते मुद्दाम. फार जवळ घातले तर कातडीला रक्त पोचत नाही."

डॉक्टरांनी उघडलेल्या जागी कागदी पट्ट्या लावल्या. परवा पुन्हा दाखवा, आणि लाली, ताप, दुखणं यांकडे लक्ष ठेवा, म्हणाले. नवी पट्टी बांधताना सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "सकाळी तुमचा १ आला तेव्हा मी तुम्हाला आज फोन करून विचारायच्या यादीतून बाजूला केलं होतं. दुपारी २ आला नसता तर दहाव्या दिवसापर्यंत आम्हाला काही कळलंच नसतं. पू झाला असता, तर तोपर्यंत पसरला असता."

मास्तर खाली मान घालून "चुकलो" म्हणाले. बाहेर आले तर बायको पर्सचा पट्टा पिळत बाकावर बसली होती.

"काय म्हणाले? खरं सांगा."

"हात शाबूत आहे." ते तिच्या शेजारी बसले. "टाका मीच कापला होता. सकाळी तुला खोटं सांगितलं. फार घाबरलो होतो गं."

तिने त्यांच्या डाव्या खांद्यावर एक सणसणीत धपाटा घातला. मग तिथेच कपाळ टेकलं, आणि बराच वेळ उचललं नाही.