नामंजूर

सांगोल्याच्या बाजारात सिद्धनाथला गंडवणारा व्यापारी अजून जन्माला यायचा होता. बोकडाच्या पाठीवर हात फिरवला की वजन सांगणार, आणि समोरचा कितीही गोड बोलला तरी ठरवलेल्या भावावरून तसूभर हलणार नाही. असा हा पक्का गडी सोलापुरात नव्या पेठेतल्या फोनच्या दुकानात शिरला आणि पाच मिनिटांत लोण्यासारखा पाघळला. बायको म्हाळसाबाई शेजारीच उभी होती, ती बघतच राहिली.

फोन हवा होता तो धंद्यासाठी. लांबचे गिऱ्हाईक आता बोकडाचा व्हिडिओ मागत, आणि सिद्धनाथच्या जुन्या फोनमध्ये काळा बोकड आणि त्याची सावली एकसारखीच दिसे. दोन बोकड विकून आलेले रोख पैसे बंडीच्या आतल्या खिशात होते. फोन घ्यायचा, पैसे द्यायचे, दुपारच्या एसटीने परत फिरायचे, एवढाच बेत.

पण काउंटरच्या कोपऱ्यात शिवराज बसला होता. दुकान ईरप्पा शेठचे, खुर्ची तेवढी शिवराजच्या फायनान्स कंपनीची. सिद्धनाथने एक फोन हातात घेतला तसा तो उठून आला.

"मामा, रोख कशाला देताय? चोवीस हजाराचा फोन, चार हजाराचे सहा हप्ते. बिनव्याजी! एक रुपया जास्तीचा नाही."

"आमाला कोण देतंय हप्त्यावर?" सिद्धनाथ हसला, पण ते हसू काही खरे नव्हते.

चार वर्षांपूर्वी तो हप्त्यावर मोटरसायकल घ्यायला गेला होता. सोबत मेहुणा आणि गावातली दोन माणसे, म्हणजे बातमी गावभर व्हायची सोय त्याने स्वतःच केलेली. शोरूमच्या पोराने कागद चाळले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, तुमची फाईल बसत नाही. का बसत नाही ते सांगितले नाही. सिद्धनाथने दोनदा विचारले, तर पोराने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. पुढे त्याने मोटरसायकल रोखीत घेतली, पण तो अपमान काही फिटला नाही. मेहुणा अजून लग्नकार्यात तो किस्सा रंगवून सांगतो, आणि सिद्धनाथ तेवढ्यात पाणी प्यायला उठतो.

शिवराजने आधार आणि पॅन कार्ड मागून घेतले, मोबाईलवर बोटे चालवली आणि खुर्चीतून अर्धा उठला. "मामा, मंजूर! तुमचा सिबिल तर एक नंबर हाय. दुधाचे पैसे खात्यात येतात, पीककर्ज वेळेवर फेडलंय. असं गिऱ्हाईक आम्हाला शोधून सापडत नाही."

सिद्धनाथने फेटा सारखा केला. दुकानात आणखी चारसहा माणसे होती. त्यांनी हे ऐकले का, हे त्याने हळूच वळून पाहिले. ऐकले नसावे म्हणून त्याने मुद्दाम मोठ्याने विचारले, "मंजूर म्हंजी पक्कं मंजूर का?"

"पक्कं! आता करारासाठी फोनवर नंबर येईल, तेवढा सांगा की झालं."

छाती अशी फुगली की बंडीची गुंडी तुटायची बाकी राहिली. खिशातल्या नोटा तो विसरलाच. मेहुण्याला काय सांगायचे, कुठून सुरुवात करायची, याची जुळवाजुळव त्याच्या मनात सुरू झाली होती.

तेवढ्यात म्हाळसाबाईने पदर खोचला. ती शिवराजशी बोललीच नाही. थेट गल्ल्यावर बसलेल्या ईरप्पा शेठला विचारले, "शेठ, आमी आत्ता रोख मोजलं, तर ह्यो फोन केवढ्याला?"

सिद्धनाथने चमकून तिच्याकडे पाहिले. हा प्रश्न त्याचा होता. बाजारात पहिला हाच विचारायचा असतो. रोखीचा भाव निराळा, उधारीचा निराळा, हे त्यानेच तिला लग्नानंतर पहिल्या बाजारात शिकवले होते. आणि आज कौतुकाच्या दोन शब्दांवर तो स्वतःच विसरला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

ईरप्पा शेठ काही लबाड माणूस नव्हता. विचारले नाही तर सांगायचे नाही, एवढाच त्याचा नेम. "रोख दिलं तर साडेबावीस," तो म्हणाला. "पक्क्या बिलासकट."

"मग हप्त्यावर चोवीस का?" आता सिद्धनाथ जागा झाला होता.

"मामा, कंपनी सहा महिने पैसे फुकट थोडीच अडकवते?" शेठने सरळ सांगून टाकले. "चोवीसचं बिल झालं तरी ती मला चोवीस देत नाही. तिचं व्याज आधीच कापून घेते. तुम्ही रोख देताय, तर ते कापणं वाचतं. त्यातनं मी तुम्हाला सोडतो."

"म्हंजी व्याज हायच. फकस्त त्याचं नाव व्याज न्हाय."

शेठ हसला. शिवराज मोबाईलमध्ये काहीतरी शोधू लागला.

"आन पोरा, चार हजाराचे सहा हप्ते, त्याच्यावर काय बी न्हाय?"

"प्रोसेसिंग फी हाय की मामा. चारशे नव्व्याण्णव, वर जीएसटी. पाचशे एकोणनव्वद धरा. पण ते व्याज नव्हं!"

सिद्धनाथने डोळे मिटले. बाजारात भाव जुळवताना मिटायचा तसेच. सगळे मिळून चोवीस हजार पाचशे एकोणनव्वद जाणार. रोखीत साडेबावीस. दोन हजार एकोणनव्वद रुपये जास्त. फी निदान करारात तरी छापलेली असणार. पण भावातल्या फरकाचे ते दीड हजार कुठल्याच कागदावर सापडले नसते. विचारणारा असेल तरच ते दिसणार.

त्याने म्हाळसाबाईकडे पाहिले. ती शांतपणे फोन उलटसुलट करून बघत होती, जणू काही केलेच नाही. या बाईला आपण बाजार शिकवला, आणि आज तिने आपला बाजार राखला. सिद्धनाथला तिचा असा अभिमान वाटला की मघाची लाज कुठल्या कुठे गेली.

सिद्धनाथचा जुना फोन वाजला. कराराचा नंबर आला होता.

"सांगा मामा," शिवराज म्हणाला. त्याच्या आवाजात आता तेवढा जोर नव्हता.

सिद्धनाथने नंबर न सांगताच तो फोन खिशात टाकला. "आदी एक सांग. माझं कर्ज मंजूर झालंय, हे खरं न्हवं?"

"खरं मामा. शपथेवर."

"जरा मोठ्यानं सांग. हिला ऐकू जाऊ दे."

"झालंय मामा, मंजूर झालंय!" शिवराज ओरडला. अख्ख्या दुकानाने वळून पाहिले.

सिद्धनाथने बंडीत हात घातला आणि नोटा काढून म्हाळसाबाईच्या हातात दिल्या. "शेठला दे. बिल तुझ्या नावानं घे, भाव तू केलास." मग तो शिवराजकडे वळला. "पैसा नसता तर दोन हजार जास्ती देऊन घेतला बी असता, त्यात काय चूक न्हाय. पर पैसा हाय. चार वर्षांमागं मला एका कंपनीनं नामंजूर केलं, आन का ते सांगितलं न्हाय. मी तसलं करत न्हाय. तुला कारण सांगितलं. आता तुझ्या कंपनीला कळव, सिद्धनाथनं तुमचं कर्ज नामंजूर केलंय."