विझवलेली बॅटरी

काकांनी आग एका मिनिटात विझवली आणि पुढचा अर्धा तास ती कशी विझवली हे सांगण्यात घालवला.

गिऱ्हाइकाच्या इलेक्ट्रिक स्कूटरची दुरुस्तीला आलेली बॅटरी अंगणात चार्जिंगला लावली होती. आधी फुगली, मग फुस्स करून पेटली. काकांनी पावडरचा सिलिंडर तिच्यावर रिकामा केला. ज्वाळा गेली. पुतणीने आधीच अग्निशमन दलाला फोन केला होता. काकांनी परत फोन करून "येऊ नका, आटोपलं" असंही कळवून टाकलं. तज्ज्ञ माणसाला उगाच मदत कशाला?

"आता ही आत कपाटात ठेवतो," काका ट्रॉली घेऊन आले. "उद्या कंपनीचा माणूस तपासायला येणार. बाहेर राहिली तर चोरीला जाईल."

"जळकी बॅटरी कोण चोरणार, काका?"

"लोकांचा काही नेम नाही."

कपाटात गिऱ्हाइकांच्या अकरा बॅटऱ्या होत्या आणि शेजारी बाबांचं टेबल, चष्म्यासकट. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. पेटलेली बॅटरी दोन दिवस अंगणात, नळाजवळ, एकटी ठेवायची, हा त्यांचा नियम. काका त्याला 'दादाचा सोवळेपणा' म्हणत.

"पावडरीनं ज्वाळा दबली, उष्णता नाही," ती म्हणाली. "आत सेल एकमेकांना खेटून बसलेत. एक तापला की शेजाऱ्याला तापवतो. शिवाय जळायला लागणारा प्राणवायू थोडाफार त्यांच्या पोटातूनच सुटतो. वरून झाकून काय होणार?"

"तूही दादासारखीच. विझलेल्याला विझलं म्हणायचं नाही."

तिने रिकामी ट्रॉली दारात आडवी लावली आणि तिच्यावर बसली. वाद घालण्यापेक्षा हे सोपं होतं. काका पाय आपटत चहा करायला गेले. तिने पुन्हा अग्निशमन दलाला फोन लावला. गाडी दुसऱ्या आगीवर गेली होती, तासाभरात येईल म्हणाले.

काकांचा दुसरा कप संपत आला होता. "बघ, दीड तास झाला. गप पडलीय बिचारी," असं ते म्हणेपर्यंत बिचारीतून पांढरा धूर निघाला. मग एक सेल फुटला, मग दुसरा, आणि मघापेक्षा मोठी ज्वाळा उठली. काकांनी सवयीने सिलिंडर उचलला. तो रिकामा होता.

गाडी दारात येतच होती. जवानांनी लांबून पाण्याचा मारा सुरू केला, आणि ज्वाळा गेल्यावरही थांबवेनात.

"विझली की," काका म्हणाले.

"गार झाली नाही," जवान म्हणाला. "तिला गार करायचंय. उद्यापर्यंत लक्ष ठेवा, पुन्हा उठेल." त्याने दारातून कपाटाकडे पाहिलं. "ही आत नेली नाहीत ते बरं केलंत. कुणाला सुचलं?"

काकांनी छाती पुढे काढली, तिच्याकडे पाहिलं आणि आत घेतली.

"बाबांना," ती म्हणाली.

"कुठे आहेत ते?"

ती ट्रॉलीवरून उठली आणि चष्मा पुसायला आत गेली. टेबलावर पावडर येऊन बसली होती.