वरचढ उत्तर

आकारामदादानं मी बांधलेल्या राखीचा फोटो एक्सवर टाकला, "बहिणीचा मान, हाच माझा धर्म." ऐंशी लाईक. वाईच्या घाटावर बसून मी खाली उत्तर लिहिलं, "उद्या इस्लामपुरात बहिणीकडून जमिनीच्या हक्कसोडावर सही घेणार हायस, तेबी लिही की."

कृष्णा संथ होती. माझ्या उत्तराचे लाईक उसाच्या तुऱ्यांसारखे हलत वर येत होते. शंभर, दोनशे, चारशे. कुणीतरी लिहिलं, "रेशो!"

"आई, म्हणजे गुणोत्तर," शेजारी बसलेली लेक म्हणाली. "मामाच्या पोस्टला ऐंशी, तुझ्या उत्तराला चारशे. दोन्ही वाचून लोकांनी तुझी बाजू घेतली."

दादाचा फोन आला. "काढ ते! लय शानी झालीस!"

"तुझं तू काढ की, दादा."

त्यानं पोस्ट काढली. त्याला वाटलं, उत्तरही बुडेल. वर 'ही पोस्ट काढून टाकली आहे' एवढंच उरलं आणि खाली माझं वाक्य, लाल बदामांसकट, तरंगत राहिलं.

लाईक कोर्टात चालत नाहीत, ठाऊक हाय. पण हिस्सा मागणारी मी एकटीच नालायक, असं मला आजवर वाटायचं. दुसऱ्या दिवशी सहीसाठी इस्लामपूरच्या गाडीत मी बसलेच नाही.