चॅटचं सगळ्यात उंच टोक

हजारो माणसं एकाच क्षणी बोलू लागली, की समजावं, काहीतरी खरं घडलं आहे. या तत्त्वावर मेहुण्याची श्रद्धा होती आणि पोटही. अडचण एवढीच, की हेडफोन फुकट वाटतानाही माणसं एकाच क्षणी बोलतात.

मेहुणा म्हणजे दाजींचा मेहुणा. दाजी रोज संध्याकाळपासून लाइव्ह गेम खेळत आणि बडबडत. प्रेक्षकही त्यांना दाजीच म्हणत, त्यामुळे नात्याने खरा मेहुणा असलेल्या या एकट्याला त्याचं काही वेगळं कौतुक उरलं नव्हतं. लाइव्ह संपलं की सकाळी तो रेकॉर्डिंग आणि चॅट उतरवून घेई. चॅटमधून दर दहा सेकंदांना किती जण बोलले, याचा आलेख निघे. जिथे टोक, तिथे छोटा व्हिडिओ कापायचा. सहा तास कोण बघतो?

त्यातही अक्कल लागे. सुरुवातीचं टोक नमस्कार-चमत्काराचं, ते सोडायचं. सोडतीचं टोक सगळे एकच शब्द लिहितात म्हणून उठतं, तेही सोडायचं. एकच शहाणा वीसदा ओरडला तर त्याला एकच धरायचं. आणि टोकाच्या अर्धा मिनिट मागे जायचं, कारण चित्र पोचायला वेळ, हसायला वेळ, टाइप करायला वेळ. गंमत आधी घडते, गलका मागून येतो.

ताई महिनाभर माहेरी होती. भांडण झालं नव्हतं. दाजी जेवताना, आजारपणात, सासऱ्यांच्या तेराव्यालाही डोळे चॅटवरून हलवत नाहीत, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते तिने इतक्या शांतपणे सांगितलं होतं, की आई घाबरली होती. काल लाइव्हच्या आधी दाजींचा मेसेज आला: आज मध्येच तिच्यासाठी मनातलं बोलणार आहे, तेवढं कापून तिला दाखव. आता दाजी झोपले होते. ते दुपारशिवाय उठत नसत.

मेहुण्याने आलेख काढला. सोडतीच्या जरा आधी एक टोक असं उठलं होतं, की बाकीची टोकं त्याच्यापुढे उंबरठा वाटावीत. आणि ते पडतच नव्हतं. चार मिनिटं तसंच ताठ.

"ताई, ये. लोक रडलेत बहुतेक," तो म्हणाला. न बघता म्हणाला, हीच चूक.

ताई भाजी निवडायचं ताट घेऊनच आली. त्याने टोकाच्या अर्धा मिनिट मागून रेकॉर्डिंग चालू केलं. दाजी खोकण्यासाठी माइक बंद करताना दिसले. खोकले. मग थेट कॅमेऱ्यात बघून बोलू लागले. ओठ हलत होते, एकदा डोळे पुसले, आणि मागे गेमचं आनंदी संगीत वाजत होतं. दाजींचा आवाज मात्र नव्हता.

मेहुण्याने चॅट उघडलं. "दाजी माइक." "माइक बंद आहे." "आवाज नाही." "दाजी, माइक." चार मिनिटं हेच, शेकडो माणसांकडून.

आलेख बरोबर होता. त्याने बंद करायला हात नेला.

"राहू दे," ताई म्हणाली. तिने भेंडीचं देठ खुडलं. "इतके लोक सांगताहेत आणि त्याने वाचलं नाही?"

"दिसत तर नाही वाचलेलं."

"चार मिनिटं?"

"चार."

तिने पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ती फक्त नवऱ्याचे डोळे बघत होती. ते एकदाही उजवीकडे, चॅटच्या स्क्रीनकडे गेले नाहीत. काय म्हणतोय ते कळलं का, असं मेहुण्याने विचारलं. काही का म्हणेना, ती म्हणाली.

तिने बॅग भरली. चेहऱ्यावर आनंद नव्हता, रुसवाही नव्हता. वीज आल्यावर माणूस उठून दिवा लावतो, तशी ती उठली. आईने विचारलं, काय बोलला तो? "बघत होता," ताई म्हणाली. टॅक्सी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत आई दारात उभी होती आणि मग निवडलेली भेंडी घेऊन आत गेली.

मेहुणा कामाला बसला. त्या उंच टोकाला लागूनच एक बुटकं टोक होतं, हसण्याचं. सवयीने तो अर्धा मिनिट मागे गेला. दाजी टेबलाखाली वाकले होते. वर आले, उजवीकडे बघितलं, वाचलं आणि माइक चालू केला.

"अरे, माइक बंद होता होय?" आवाज अगदी स्वच्छ होता. "चॅटचा स्क्रीनच मघापासून काळा होता. वायर निघाली होती. जाऊ दे, आता पुन्हा कोण बोलणार. चला, हेडफोनची सोडत."

मेहुण्याने फोन उचलला आणि खाली ठेवला. ताई आतापर्यंत पोचली असेल.

वायर दाजींनी घट्ट बसवली होती. नंतरचे तीन तास ती निघाली नाही.