दादरचं बोलावणं

डॉक्टर रांगणेकरांचं पत्र आलं तेव्हा गोदावरीला आधी वाटलं, कुणीतरी मेलं. मुंबईहून टंकलेलं पाकीट तिच्या नावावर यायचं दुसरं कारण तिला सुचेना. काशीदच्या दवाखान्यात ती सुईण-नर्स होती. लोकल बोर्डाकडून तिला यायचे ते फक्त हुकूम, आणि तेही रखडत.

पत्र मात्र हुकमाचं नव्हतं. दादरला डॉक्टरांचं स्वतःचं प्रसूतिगृह होतं. त्यांच्या एका पेशंटची बहीण माहेरपणाला काशीदला आली असताना बाळंत झाली होती. मूल पायाळू, रस्ता चिखलाचा, अलिबागला न्यायला वेळ नाही, आणि गोदावरीने ते मूल आणि आई दोघं सुखरूप सोडवली होती. ती हकिकत डॉक्टरांच्या कानावर गेली. त्यांनी लिहिलं होतं, ‘आमच्याकडे एका अनुभवी नर्सची जागा भरायची आहे. पगार दरमहा नव्वद रुपये, राहण्याची सोय. आपली इच्छा असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.’

गोदावरीने पत्र वाचलं आणि दवाखान्याच्या पायरीवर बसली. इतकं सुख अंगावर आलं की माणूस घाबरतो, तशी ती घाबरली.

त्याला कारण होतं कुंदा. साडेपाच वर्षांची तिची मुलगी मुंबईला, गिरगावात, दिराकडे होती. नवरा गेला तेव्हा कुंदा दोन वर्षांची होती. गोदावरी नर्सिंग शिकायला गेली आणि पोर जावेच्या ओटीत घातली ती तिथेच राहिली. काशीदची नोकरी लागल्यावर तिने मुलीला मागितलं, तर दीर, अनंतराव, म्हणाले, ‘कोळीवाड्याच्या कडेला, दवाखान्याच्या मागच्या खोलीत आमच्या घरची मुलगी वाढवायची? मुंबईत जागा कर, मग ने.’ ते आता आणखी पेटलं होतं. अनंतरावांची नागपूरला बदली झाली होती आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड हलणार होतं. जावेला मूल नव्हतं. नागपूरला गेलेली कुंदा पुन्हा आपली राहणार नाही, हे गोदावरीला कुणी सांगायची गरज नव्हती. आताच ती आईला ‘तू कधी जाणार?’ असं विचारायची, पाहुण्याला विचारावं तसं.

म्हणून तिने त्याच दुपारी उत्तर लिहिलं. तीन पानं. त्यात तिचं वैधव्य होतं, कुंदा होती, दिराची बदली होती, ‘आपण माझे मायबाप आहात’ होतं. पगार कमी दिलात तरी चालेल, उद्या या म्हणालात तर उद्या येते, असंही होतं. शेवटी ‘आपली आज्ञाधारक सेविका’. पाकीट बंद करायच्या आधी तेवढं एक शहाणपण तिला सुचलं. औषधं आणायला अलिबागला जायचंच होतं, तेव्हा ते तिने विश्वंभरदादाला, म्हणजे थोरल्या भावाला, दाखवायचं ठरवलं. दादा कचेरीत कारकून होता. त्याने जन्मभर अर्जच हाताळले होते.

दादाला पत्र आवडलं. ‘ठीक आहे,’ तो म्हणाला, ‘फक्त “विनम्र प्रार्थना” घाल.’

पण पद्मावहिनीने ते भाकरी थापता थापता त्याच्याकडून वाचून घेतलं होतं. ती पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली. पद्मा चौथी शिकलेली, पण तीन नणंदा आणि दोन बहिणी उजवलेली बाई. बोलायला लागली की कचेरीतला दादा घरात शिपाई व्हायचा.

‘वन्सं, नोकरी कुणी मागितली? तुम्ही की त्यांनी?’

‘त्यांनी लिहिलंय.’

‘मग हे अर्जासारखं काय लिहिलंत? मुलाकडचे आपण होऊन दारात आलेत, आणि तुम्ही त्यांच्या पायांवर मुलगी घालताय. कमी पगार घ्या म्हणून स्वतःच सांगताय! असं केलं तर मुलाकडच्यांना वाटतं, मुलीत काहीतरी खोट असणार.’

‘वहिनी, माझ्याकडे थट्टेला वेळ नाही.’

‘मी थट्टा करत नाही. स्थळ चालून आलं तर आपण काय करतो? पाणी देतो, चहा देतो, बरं वाटलं म्हणतो. आणि विचारतो. माणसं किती, जागा कशी, मुलगी कुठे झोपणार. तुम्ही काय विचारलंत?’

गोदावरीने काहीच विचारलं नव्हतं. ते कळल्यावर तिला रागच आला. ‘आणि विचारल्याचा त्यांना राग आला तर? मुंबईत नर्सा काय कमी आहेत? माझी पोर जाईल नागपूरला, आणि तुमचा मान राहील!’ ती ओरडली, आणि ओरडता ओरडता रडायला लागली. दादा उठून उगाच कंदिलाची काच पुसू लागला. पद्मा मात्र हलली नाही. ‘रडा,’ ती म्हणाली, ‘पण कागदावर नको.’

गोदावरीने नवीन पत्र लिहिलं. अक्षर तिने मुद्दाम सावकाश काढलं.

‘स. न. वि. वि. आपले पत्र पावले. आपण आठवणीने माझ्या कामाची दखल घेतलीत याबद्दल आभारी आहे. या जागेचा विचार करण्यास मी उत्सुक आहे. निश्चित कळवण्यापूर्वी तीन गोष्टी समजाव्यात ही विनंती. कामाच्या पाळ्या कशा असतात? राहण्याची सोय स्वतंत्र आहे की सामायिक? माझी साडेपाच वर्षांची मुलगी माझ्याजवळ राहू शकेल काय? येथील नोकरीस एक महिन्याची सूचना द्यावी लागते, ती दिल्यावर मी रुजू होऊ शकेन.’

एवढंच. तिला ते फार उद्धट वाटलं. पाकीट पेटीत टाकल्यावर तिने पेटीच्या फटीत बोटं घालून पाहिली, पण ती पोचली नाहीत.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. पोस्टमन रेवदंड्याकडून सायकल रेटत यायचा. तो दिसला की ती हातातलं काम टाकून पायरीवर यायची, आणि तो नुसती मान हलवून पुढे गेला की वळणापर्यंत त्याच्या सायकलीकडे बघत राहायची. पद्मावहिनीला तिने मनातल्या मनात इतकं बोलून घेतलं की समोर असती तर पद्मा बहिरी झाली असती. एका बाळंतिणीची नाळ बांधताना तिच्या डोळ्यांसमोर नागपूरची गाडी सुटत होती. हात आपलं काम करत राहिले म्हणून बरं.

उत्तर आलं. सभ्य, सरळ उत्तर. ‘आपले प्रश्न रास्त आहेत,’ असं डॉक्टरांनी सुरुवातीलाच म्हटलं होतं. पाळ्या बारा तासांच्या, आठवड्याने बदलणाऱ्या. खोली तीन नर्सेसमध्ये सामायिक. ‘मुलांना तेथे ठेवता येत नाही. आपल्या मुलीची सोय अन्यत्र होऊ शकल्यास अवश्य कळवावे, एक तारखेपर्यंत जागा राखून ठेवतो.’

म्हणजे विचारलं नसतं तर ती काशीद सोडून, खोली सोडून, दादरला गेली असती. तिथे तिसऱ्या खाटेवर बसून कळलं असतं की इथे पोर आणता येत नाही. आणि तोवर परतीची वाटही बंद झाली असती. गोदावरीला पद्मावहिनीचे आभार मानायला हवे होते. पण माणूस बुडत असताना, ही फळी कुजकी होती असं कळून त्याला कसलं समाधान? तिने पत्र उशीखाली सारलं आणि दार लावून घेतलं.

शेजारची वेणूबाई कोळीण बोंबील वाळत घालून आली तेव्हा दार लागलेलं पाहून तिने ते ढकललं. काय झालं ते तिने सगळं काढून घेतलं, आणि मग खोलीभर नजर फिरवली.

‘तिथं पोर ठेवाया देत न्हाय. मंग इथं कोन नको म्हनतंय?’

‘इथं कसं आणणार वेणूबाई?’

‘का गो? खोली तुजी हाय. शाला हाय. तू रातीची बालंतपनाला गेलीस तं माज्या पोरींत निजंल. आमची पोरां इथं न्हाय वाढत व्हय?’

गोदावरीकडे उत्तर होतं, पण ते वेणूबाईच्या तोंडावर देण्यासारखं नव्हतं. दिराचं वाक्य ती इतके दिवस दिराचं म्हणून सांगत होती. खरं म्हणजे ते तिलाही पटलेलं होतं. कोळीवाड्यात आपली मुलगी नको, हे तिनेही धरून ठेवलं होतं. याच बायकांची मुलं ती स्वतःच्या हातांनी जगात आणत होती, याच घरांतून तिला भात आणि निवट्या माशांचं कालवण येत होतं, ती ते चवीने खात होती, आणि तरीही. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने वेणूबाईचा खारट हात धरला आणि सोडेना.

दुसऱ्या दिवशी तिने दादरला लिहिलं. या वेळी अक्षर मुद्दाम सावकाश काढावं लागलं नाही.

‘आपण स्पष्ट उत्तर दिलेत याबद्दल ऋणी आहे. मुलीची सोय अन्यत्र करणे शक्य नसल्याने या वेळी आपल्याकडे येता येत नाही, याचा खेद आहे. आपली अडचण होऊ नये म्हणून कळवते, माझ्याबरोबर शिकलेल्या मनुबाई पाटील सध्या पनवेलीस आहेत. त्या कुशल असून त्यांची मुंबईस येण्याची इच्छा आहे. पत्ता खाली देत आहे. पुढे कधी बाहेर राहणाऱ्या नर्सची जागा निघाल्यास माझी आठवण ठेवावी. माझा पत्ता हाच राहील.’

शेवटचं वाक्य लिहून ती थांबली. मग तिने ते तसंच राहू दिलं.

गोदावरी गिरगावात पोचली तेव्हा सामानाची खोकी बांधून झाली होती. अनंतरावांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘मुंबईत जागा झाली?’

‘नाही.’

‘तो दादरचा डॉक्टर बोलावत होता म्हणे.’

‘होय. त्यांना यंदा कर्तव्य नाही असं कळवलं.’

‘मग आलीस कशाला?’

‘कुंदाला न्यायला. काशीदला.’

बराच वेळ आरडाओरड झाली. अनंतरावांनी घराण्याचं नाव काढलं, मेलेल्या भावाचं नाव काढलं. गोदावरी आईच होती आणि आईपुढे कायद्याने त्यांना काही बोलता येत नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून आवाज जास्त. जावेने मात्र कुंदाची वेणी घातली, ती सोडली, पुन्हा घातली. मग पोरीचे फ्रॉक एकेक करून पिशवीत भरले आणि आत जाऊन बसली. गोदावरी तिच्यामागे गेली, पण दारातून पुढे तिला जाववलं नाही. त्या बाईनेही पोर वाढवलीच होती.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटली तेव्हा कुंदाला कळलं की काकू येत नाहीये. तिने रडायला सुरुवात केली. गोदावरीने तिला खाऊ दिला, तिने तो टाकला. कुशीत ओढलं, तिने चावा घेतला. ‘मला काकूकडे जायचंय,’ ती किंचाळत होती, ‘ही नको! ही नको!’ लाँचमधले लोक वळून पाहू लागले. एका म्हातारीने संशयाने विचारलं, ‘पोर कुणाची गं?’

‘माझी,’ गोदावरी म्हणाली. दंडावर दातांचे वळ उमटले होते. तिने हात काढून घेतला नाही.